जाहिरातीचे तयार साचे : कसे बनवावेत आणि कोठे खपतात

कापडाच्या धंद्यात ठोक व्यापारी किरकोळ दुकानदाराला मालाबरोबर शेडकार्ड देतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आज आमच्याकडून ड्रेस मटेरियल, दुपट्टे आणि अबाया नेणाऱ्यांत दुकान नसलेल्या भगिनी पुष्कळ आहेत. त्या घरातूनच व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर माल दाखवून विकतात. त्यांना शेडकार्ड नको असते. त्यांना हवे असते ते आपल्या मालाचा फोटो, भाव आणि दुकानाचे नाव टाकले की लगेच पाठवता येईल असे तयार चित्र. अशा चित्राच्या साच्याला टेम्प्लेट म्हणतात आणि वीस-तीस साच्यांचा एक संच करून तो विकला जातो. माझ्या पुतण्याने असा एक संच तयार केला आणि हिशेब मी पाहिला. त्यातून जे शिकायला मिळाले ते येथे क्रमाने देत आहे.

साचा करण्यापूर्वी

हे साचे बहुतेक करून कॅन्व्हा या संकेतस्थळावर बनवले जातात, कारण खरेदीदाराला तेथे फुकट खाते उघडता येते आणि मोबाइलवरच बदल करता येतात. बाजारात पाचशे-हजार साच्यांचे संच भरपूर आहेत. ते कोणत्याही धंद्याला चालतील असे केलेले असल्यामुळे कोणालाच नीट चालत नाहीत. म्हणून आम्ही एकच गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवले : घरातून अबाया, स्कार्फ व ड्रेस मटेरियल विकणारी स्त्री. तिला रोज काय पाठवावे लागते याची यादी केली आणि तेवढेच ३० साचे केले. त्यांत नवीन मालाचे १०, भाव व मापाचे ६, गिऱ्हाइकांच्या अभिप्रायाचे ४, ऑर्डर कशी द्यावी याचे ३, सवलतीचे ३ आणि रमजान-ईदचे ४ होते.

इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी १०८० × १३५० पिक्सेल आणि स्टोरी व व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी १०८० × १९२० पिक्सेल असे दोन आकार पुरेसे होतात. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्राम आपल्या पानावरच्या जाळीत चित्रे ३:४ प्रमाणात दाखवते. त्यामुळे १३५० उंचीच्या चित्राच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग तेथे कापला जातो. भाव किंवा नाव कडेपासून किमान ८० पिक्सेल आत ठेवले तर अडचण येत नाही. स्टोरीच्या वर सुमारे २५० आणि खाली सुमारे ३५० पिक्सेल जागा मोकळी सोडावी, कारण तेथे खात्याचे नाव आणि उत्तर देण्याची पट्टी येते.

बदल करताना साचा मोडू नये

साचा सुंदर दिसणे सोपे आहे. दुसऱ्याच्या हातात गेल्यावर तो टिकणे अवघड आहे. यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट फोटोची. फोटोची जागा नेहमी `Frames` मधल्या चौकटीने करावी. मग विक्रेती आपला फोटो त्या चौकटीवर सोडते आणि तो आपोआप बसतो. नुसता फोटो ठेवून दिला तर तिला तो काढावा, कापावा आणि मागे-पुढे करावा लागतो. मोबाइलवर हे जमत नाही आणि ती कंटाळून सोडून देते. कपड्याचा फोटो उभा काढतात, म्हणून चौकटही उभीच असावी. तिच्यावर मजकूर चढवू नये, कारण गिऱ्हाइकाला कापड पाहायचे असते.

दुसरी गोष्ट रंगाची. कॅन्व्हामध्ये एक रंग बदलला की `Change all` असा पर्याय येतो आणि तो रंग सर्व पानांवर एकदम बदलतो. परंतु तो रंग सगळीकडे तंतोतंत तोच असावा लागतो. पुतण्याने नजरेने जुळवून सहा पानांवर सहा हिरवे वापरले होते. एक बदलला आणि पाच तसेच राहिले. रंगवाल्याकडे लॉट बदलला की छटा बदलते, तोच हा प्रकार. म्हणून रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा आणि तोच प्रत्येक ठिकाणी टाकावा. संचात तीन-चार रंगांपेक्षा जास्त घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट अक्षरांची. येथे बहुतेक जण फसतात. बाहेरून आणलेला फॉन्ट आपल्या खात्यात चालतो, पण खरेदीदाराच्या खात्यात तो नसतो आणि तेथे दुसराच फॉन्ट लागून ओळी विस्कटतात. म्हणून कॅन्व्हाच्या फुकट फॉन्टमधूनच निवड करावी. छापखान्यात टाइप केलेला मजकूर अनेकदा युनिकोड नसतो. तो तेथून उचलून चिकटवला तर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा. माझी शाळा उर्दूची, म्हणून उर्दूचे चार साचेही करून घेतले. तेव्हा ध्यानात आले की नस्तालीक लिपी तिरकी उतरते आणि तिला उभी जागा जास्त लागते. इंग्रजीच्या मापाची ओळ ठेवली तर वरच्या ओळीची अक्षरे खालच्या ओळीवर चढतात. तेथे ओळींतील अंतर वाढवावेच लागते.

परीक्षा अशी घ्यावी : नमुन्यातले छोटे नाव काढून ‘फातिमा लेडीज वेअर अँड ड्रेस मटेरियल’ असे लांब नाव टाकावे आणि भाव चार आकडी लिहावा. साचा तरीही नीट राहिला तर तो विकण्याजोगा आहे. नंतर ते चित्र स्वतःला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोन हातभर दूर धरून वाचावे. जे वाचता येत नाही ते मोठे करावे किंवा काढून टाकावे.

पाठवण्याची रीत आणि आमची चूक

कॅन्व्हामध्ये फुकट आणि सशुल्क असा दोन्ही प्रकारचा ऐवज असतो. सशुल्क चित्रावर मुकुटाची खूण असते. असे एकही चित्र साच्यात राहिले तर फुकट खाते असलेल्या खरेदीदाराला त्यावर जलचिन्ह दिसते आणि ते काढायला पैसे मागितले जातात. तिला वाटते की आपण फसवले. म्हणून संचात फुकट किंवा स्वतः काढलेलीच चित्रे घ्यावीत.

साचा पाठवण्यासाठी `Share` मध्ये `Template link` हा पर्याय आहे. त्या दुव्यावरून खरेदीदाराला स्वतःची प्रत मिळते आणि मूळ साचा आपल्याकडे सुरक्षित राहतो. आम्ही पहिल्या वेळी चुकून बदल करण्याचा साधा दुवा दिला. तिसऱ्या गिऱ्हाइकाने संच उघडला तेव्हा त्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नाव, फोन नंबर आणि मालाचे फोटो होते, कारण तिने मूळ फाइलमध्येच बदल केले होते. तिघींची माफी मागून नवीन दुवे द्यावे लागले. तेव्हापासून विक्रीपूर्वी प्रत्येक दुवा दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या खात्यातून उघडून पाहतो. तेथे साच्याची प्रत घेण्याचे बटण दिसले, तरच दुवा बरोबर आहे. सर्व दुवे एका पानाच्या पीडीएफमध्ये घालून ते पीडीएफच खरेदीदाराला दिले जाते. तीस पाने एकाच फाइलमध्ये ठेवली तर साध्या फोनवर ती अडखळते, म्हणून दहा-दहाचे तीन दुवे करावेत.

खपतो कोठे?

एट्सी या परदेशी बाजारात असे संच मोठ्या प्रमाणात मांडलेले आहेत. तेथे एक वस्तू मांडण्याचे ०.२० डॉलर द्यावे लागतात. ती मांडणी चार महिने चालते आणि विक्री झाल्यावर पुन्हा मांडताना तेवढेच द्यावे लागतात. विक्रीवर ६.५ टक्के कापले जातात. समजा संच ९ डॉलरला गेला. टक्केवारीचे सुमारे ०.५९ आणि मांडणीचे ०.२० वजा जाता ८.२१ डॉलर उरतात. एट्सीने बाहेर केलेल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले असेल तर छोट्या दुकानाचे आणखी १५ टक्के, म्हणजे १.३५ डॉलर जातात आणि ६.८६ उरतात. ही जाहिरात छोट्या दुकानाला बंद ठेवता येते. पैसे स्वीकारण्याचा व चलन बदलण्याचा खर्च त्यातून वेगळा जातो.

तेथे गिऱ्हाईक शोध घेऊन येते. मांडणीला १३ खुणेचे शब्द देता येतात आणि प्रत्येक २० अक्षरांपर्यंत असतो. `instagram template` असे लिहिले तर हजारोंच्या गर्दीत आपण हरवतो. `hijab shop template` किंवा `abaya boutique post` असे लिहिले तर शोधणारे थोडे असतात, पण जे येतात ते घेण्यासाठीच येतात. हे गिऱ्हाईक आपल्या गल्लीतले नसून इंग्लंड-अमेरिकेत घरातून अबाया विकणारे असते. म्हणून तेथील संच इंग्रजीत असावा आणि त्यात रुपयाचे चिन्ह नसावे. मागणी आहे की नाही हे ओळखण्यासाठी तशाच वस्तूंचे अभिप्राय व त्यांच्या तारखा पाहाव्यात. शेवटचा अभिप्राय वर्षापूर्वीचा असेल तर तो माल पडून आहे असे समजावे. रमजान दरवर्षी सुमारे १०-११ दिवस अलीकडे येतो, म्हणून ईदचे साचे दोन महिने आधी मांडावेत आणि त्यांवर साल छापू नये.

आपल्याकडील घरगुती विक्रेती एट्सीवर जात नाही. आम्ही आमच्याच ४० गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर १९९ रुपयांत संच देऊ केला. तिघींनी घेतला. परंतु अकरा जणींनी विचारले, ‘भाईजान, माझे नाव-नंबर टाकून तयारच द्याल का?’ त्यांना साचा नको होता, तयार काम हवे होते. मग आम्ही ३९९ रुपयांत नाव, रंग व नंबर घालून संच देऊ लागलो. आपले साचे नीट बांधलेले असतील तर यास अर्धा तास पुरतो. रंग फुटलेले असतील तर तीन तास जातात आणि मजुरीही सुटत नाही.

तिसरी जागा म्हणजे आपला स्वतःचा माल. दहा हजारांच्या खरेदीवर आम्ही तोच संच फुकट देतो आणि त्यात आमच्या नव्या लॉटचे फोटो बसवून ठेवतो. विक्रेतीला त्याच संध्याकाळी स्टेटस लावता येते आणि फेरखरेदीचा फोन लवकर येतो. आमच्या वहीत साच्यांच्या विक्रीपेक्षा या फेरखरेदीचा नफा मोठा आहे.

तेव्हा ज्याच्याकडे माल आहे त्याने संच मालाबरोबर द्यावा. ज्याच्याकडे फक्त कला आहे त्याने एका धंद्यापुरता इंग्रजी संच एट्सीवर मांडावा आणि गावात नाव घालून देण्याचे काम घ्यावे. सर्वांसाठी असा एकच संच करून तिन्हीकडे मांडला तर तो कोठेच उठत नाही.