एप्रिलचं डिक्लेरेशन आणि मेची पगारस्लिप

एप्रिल २०२४ मध्ये आमच्या कंपनीच्या पेरोल पोर्टलवर मी जुनी करप्रणाली निवडली होती. हे अगदी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे वर्षभर मला एकच ऐकवलं गेलं, 'तुम्ही निवडलंच नसेल.' निवडलं होतं. पावतीचा मेल आहे, त्यावर तारीख आहे, आणि एप्रिलच्या पगारस्लिपमध्ये आयकराच्या रकान्यात शून्य आहे. निवडलं नसतं तर तो शून्य आला कुठून, याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

मी जळगावच्या एमआयडीसीत नोकरी करतो, पिंप्राळ्यात भाड्याने राहतो. घर धुळ्याला, देवपुरात. तिथे आई-वडील राहतात आणि त्याच घराचं कर्ज माझ्या पगारातून फिटतं. हे सांगायचं कारण म्हणजे माझा सगळा हिशोब या दोन गावांवर उभा आहे. भाडं जळगावात, व्याज धुळ्यात, आणि जुन्या पद्धतीत दोन्हींची सूट एकाच वेळी मिळते. नोकरी दुसऱ्या गावी असल्यामुळे स्वतःच्या घरात राहता येत नसेल, तर घरभाडे भत्ता आणि गृहकर्जाचं व्याज दोन्ही मागता येतात. 'स्वतःचं घर आहे तर भाड्याची सूट कशी?' असं विचारणारे पेरोलमध्येही भेटतात. त्यांना शांतपणे हे सांगायचं आणि पुढे जायचं.

माझा २०२४-२५ चा हिशोब देतो, म्हणजे मी हट्ट का धरला ते कळेल. वर्षाचा पगार ९,६०,०००, त्यात मूळ वेतन ४,८०,००० आणि घरभाडे भत्ता १,९२,०००. भाडं महिन्याला १३,०००, म्हणजे वर्षाला १,५६,०००. घरभाड्याची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढी मिळते : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, मूळ वेतनाचे ४० टक्के (मुंबईसारख्या शहरांत ५०, जळगाव-धुळ्याला ४०), किंवा भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा केल्यावर उरलेली रक्कम. माझ्या बाबतीत पहिले दोन्ही आकडे १,९२,००० आणि तिसरा १,०८,०००. म्हणून सूट १,०८,०००. बरेच जण वर्षाचं सगळं भाडं सूट म्हणून धरतात आणि मग फेब्रुवारीत रडतात.

पुढे प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, धुळ्याच्या घराचं व्याज १,८०,०००, कलम ८०सी चे पूर्ण दीड लाख (पीएफ, विमा, मुलीची शाळेची फी, कर्जाची मुद्दल) आणि आरोग्यविम्याचे २२,०००. हे सगळं वजा केलं की उरतात ४,४७,५००. पाच लाखांच्या आत असल्यामुळे ८७ए ची सवलत लागू, कर शून्य. नव्या पद्धतीत यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. तिथे, त्या वर्षीच्या जुलैतल्या अर्थसंकल्पानंतरच्या दरांनी, माझा कर ४०,०४० रुपये होत होता. अर्थसंकल्पाआधीच्या दरांनी तर ४८,३६०. म्हणजे पोर्टलवरच्या एका गोल खुणेची किंमत माझ्यासाठी चाळीस हजारांच्या वर होती.

मे महिन्यात कंपनीने पेरोलचं सॉफ्टवेअर बदललं. आमची नावं, खाती, पीएफ नंबर सगळं नव्या ठिकाणी गेलं, एप्रिलची डिक्लेरेशनं मात्र गेली नाहीत. नव्या पोर्टलने सगळ्यांना नव्या करप्रणालीत टाकलं, कारण २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत आहे आणि कर्मचाऱ्याने काही कळवलं नाही तर मालकाने तीच धरायची असते. 'पुन्हा भरा' असा एक मेल कंपनीच्या इंग्रजी मेल-आयडीवर पाठवला होता म्हणे. प्लांटवरच्या माणसाला त्या आयडीचा पासवर्डही दिलेला नसतो. नोटीस बोर्डावर कँटीनच्या दराचा कागद लागतो, या गोष्टीचा लागला नाही.

मेचा पगार आला तो सुमारे ४,४०० रुपयांनी कमी. मला आधी वाटलं, सुट्ट्यांचा घोळ असेल. स्लिप उघडली तर आयकर. मग पोर्टलवरचा कराच्या हिशोबाचा तक्ता उघडला. तिथे वरच्याच ओळीत New Regime आणि खाली घरभाड्याची सूट शून्य, घराचं व्याज शून्य, ८०सी शून्य. मी भरलेलं एकही कलम तिथे नव्हतं. शेजारचा अमळनेरचा सहकारी माझा चेहरा बघून म्हणाला, "काय व्हयनं रे भो?" त्याच्या पगारावर नव्या पद्धतीतही कर बसत नव्हता, त्यामुळे त्याच्या स्लिपमध्ये काही दिसलंच नाही. हेच झालं सगळीकडे. कमी पगाराच्या लोकांना फरक पडला नाही, मोठ्या साहेबांचा सीए असतो. मधले आम्ही, भाडं आणि हप्ता दोन्ही भरणारे, तेवढे सापडलो.

एचआरच्या मॅडमना पावती दाखवली. "भाऊ, ती जुन्या सिस्टीमची आहे." मी म्हटलं, सिस्टीम जुनी असेल, कंपनी तर तीच आहे ना? त्यांनी पुण्याला पेरोलकडे पाठवलं. तिकडून उत्तर आलं की खिडकी बंद झाली, आयकर कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्ये बदल करता येत नाही. हे वाक्य इतक्या ठामपणे सांगतात की माणूस गप्प बसतो. म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं ५ एप्रिल २०२३ चं परिपत्रक क्रमांक ४ आहे. त्यात म्हटलंय की मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला कोणती पद्धत हवी ते विचारावं, त्याने कळवलं त्याप्रमाणे टीडीएस कापावा, आणि कळवलंच नाही तर नवी पद्धत धरावी. मी कळवलं होतं. 'कळवलं नाही' हे मला लागूच होत नव्हतं. शिवाय कमी-जास्त कापलेला कर त्याच वर्षातल्या पुढच्या कपातीत जुळवून घेण्याची मुभा कलम १९२(३) मालकाला देतं. निदान जूनपासूनची कपात थांबवता आली असती. निवड एकदा झाली की वर्षभर कुलूप, हा बहुतेक कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला नियम असतो. सोय त्यांची आहे हे समजू शकतो, पण ती कायद्याच्या नावावर खपवू नये. हे सगळं मी मेलवर लिहून दिलं. उत्तर आलं, "रिटर्नमध्ये रिफंड घ्या." चूक त्यांची, रांगेत मी.

मार्चपर्यंत पैसे कापले गेले. अर्थसंकल्पानंतर महिन्याची कपात ३,३५० च्या आसपास आली, एवढाच दिलासा.

त्या परिपत्रकातलीच दुसरी गोष्ट मात्र माझ्या कामी आली, आणि हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा. कंपनीला कळवलेली पद्धत ही फक्त टीडीएसपुरती असते. खरी निवड रिटर्न भरताना होते. फॉर्म १६ नव्या पद्धतीचा असला तरी पगारदाराला रिटर्नमध्ये जुनी पद्धत घेता येते. धंद्याचं उत्पन्न नसेल तर वेगळा फॉर्म लागत नाही. रिटर्नमध्ये नवी करप्रणाली सोडायची आहे का, असा प्रश्न येतो, तिथे आपणहून Yes करावं लागतं, कारण उत्तर आधीच No भरलेलं असतं. पण हे मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच चालतं. मुदत टळली की उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत मिळत नाही, आणि माझ्यासारख्याचे चाळीस हजार कायमचे जातात. २०२४-२५ ची मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली होती. दरवर्षी वाढेल या भरवशावर राहू नका.

फॉर्म १६ मध्ये सूट दिसत नाही आणि रिटर्नमध्ये दिसते, म्हणजे विभाग विचारू शकतो. त्या वर्षीच्या रिटर्नमध्येच भाड्याचा तपशील, विम्याचा पॉलिसी नंबर, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आणि खातं असं बरंच मागितलं गेलं. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, भाड्याच्या पावत्या आणि भाडं बँकेतून गेल्याचा पुरावा जवळ असू द्या. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आपल्याकडे घरमालक पावत्या हव्या तेवढ्या देतो, पॅन म्हटलं की दार लावतो. हे बोलणं घर घेतानाच करून घ्या, जानेवारीत कंपनी पुरावे मागते तेव्हा नाही.

रिफंड आला. त्यावर व्याज दरमहा अर्धा टक्का, तेही १ एप्रिल २०२५ पासून मोजलेलं. मे २०२४ मध्ये कापलेल्या पैशावर त्या अख्ख्या वर्षाचं काहीच नाही. त्या काळात देवपूरच्या घराच्या कर्जावर मी याहून महाग व्याज भरत होतो. कंपनीकडून कुणी 'सॉरी' म्हणालं नाही.

आता एप्रिलमध्ये काय करायचं ते सांगतो. डिक्लेरेशन सबमिट झालं की जी पावती मिळेल ती उतरवून स्वतःच्या मेलवर पाठवा, कंपनीच्या नाही. मग एप्रिलची स्लिप बघा आणि मेचीही बघा. नुसता आयकराचा आकडा नको, कराच्या हिशोबाच्या तक्त्यावर पद्धतीची ओळ बघा. बदली झाली, एम्प्लॉयी कोड बदलला, सॉफ्टवेअर बदललं, तर त्या महिन्यात पुन्हा बघा. चूक दिसली तर तोंडी बोलू नका, त्याच दिवशी मेल करा आणि एप्रिलची पावती जोडा. खोटे आकडे टाकू नका, गुंतवणूक वेळेवर करा, ते सगळे सांगतातच.

आणि आधी बघा की हे तुम्हाला लागू तरी होतं का. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे माझ्याच पगारावर आता नव्या पद्धतीतही कर शून्य येतो. मी या वर्षी नवीच ठेवली. पंधरा लाख पगार असलेल्याला नव्या पद्धतीत ९७,५०० कर बसतो. त्याला जुनी परवडायची तर प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून सुमारे ५,४१,००० पेक्षा जास्त सूट दाखवता आली पाहिजे. मोठं भाडं आणि मोठं कर्ज दोन्ही असल्याशिवाय ते जमत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यामुळे मी वर दिलेले कलमांचे आकडे पेरोलच्या कागदांवर वेगळे दिसतील. तक्त्यावरची पद्धतीची ओळ मात्र तिथेही वाचावीच लागेल.