सुतार-फॅब्रिकेशन वर्कशॉपची हवा : टाकी, पाइप आणि ड्रायर

कॉम्प्रेसर किती हॉर्सपॉवरचा घ्यायचा हे दुकानदार सांगतोच. पण त्याच्या पुढची टाकी, पाइप आणि ड्रायर आपल्यालाच ठरवावे लागतात, आणि गडबड बहुतेक तिथेच होते. म्हणून आज एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

समजा, हसनाबादला (ता. भोकरदन, जि. जालना) घरांचे दरवाजे-खिडक्या बनवणारं एक वर्कशॉप आहे. कॉम्प्रेसर 5 एचपीचा, पिस्टनचा. तो मिनिटाला 400 लिटर हवा प्रत्यक्ष देतो. प्लेटवर लिहिलेलं 'डिस्प्लेसमेंट' यापेक्षा मोठं असतं, ते हिशेबात धरू नका. कॉम्प्रेसर 6 बारला चालू होतो, 8 बारला बंद. सँडरला 400 लिटर लागतात, स्प्रे गनला 300. दोन्ही एकदम चालले की मागणी 700 होते, म्हणजे मिनिटाला 300 लिटर कमी पडतात.

ही तूट टाकीनं भरून काढायची. दाब 2 बारनं उतरतो तेव्हा टाकी आपल्या आकारमानाच्या दुप्पट हवा बाहेर देते. मग एक मिनिट तग धरायला 300 ÷ 2 = 150 लिटरची टाकी पुरते. पण इथंच थांबू नका! मोटर तासाला किती वेळा सुरू होते तेही बघावं लागतं. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे मागणी बरोबर निम्मी, 200 लिटर, असते तेव्हा. 150 लिटरच्या टाकीत 6 ते 8 बारच्या मध्ये 300 लिटर हवा मावते. ती भरायला दीड मिनिट, संपायला दीड मिनिट. म्हणजे मोटर तासाला 20 वेळा सुरू होणार. सुरू होताना ती भरपूर करंट ओढते, तापते, आणि वाइंडिंग जळतं. टाकी 300 लिटरची घेतली की हेच 10 वर येतं. म्हणून आपलं उत्तर 300 लिटर.

आता पाइप. टाकीपासून रंगाचा कोपरा 40 मीटरवर आहे आणि तिथपर्यंत 8 मिमी आतल्या व्यासाचा रबरी होज सरळ ओढलाय. दाबघट काढायचं नेहमीचं सूत्र असं :

```
Δp = 450 × Q^1.85 × L / (d^5 × p)
```

Q लिटर प्रति सेकंद, L मीटर, d मिमी, आणि p म्हणजे वातावरणाचा दाब धरून बार. एकट्या गनसाठी Q = 5, L = 40, d = 8, p = 7 टाका. उत्तर येतं सुमारे 1.5 बार. टाकीवर 6 दिसतात, गनला मिळतात 4.5. मजा अशी की गन बंद असताना शेवटच्या गेजवरही 6 च दिसतात, कारण हवा वाहत नसली की दाबघट नसते. ट्रिगर दाबून काटा बघा, तेव्हा खरं कळतं.

सूत्रात व्यासाचा पाचवा घात आहे. व्यास दुप्पट, 16 मिमी, केला की घट 32 पटीनं कमी! साधारण अर्ध्या इंची जीआय पाइप तेवढाच असतो. तो 35 मीटर आणि शेवटी 5 मीटर जुना होज ठेवला, तर घट पाव बारच्या आत येते, आणि त्यातलीही बहुतेक त्या 5 मीटर होजमध्येच असते. एक सावधगिरी : बाजारात '8 मिमी' म्हणून मिळणारी निळी पीयू नळी बाहेरून 8 असते, आतून साधारण 5. त्या 40 मीटर नळीचं सूत्रानं उत्तर 16 बार येतं, म्हणजे एवढी हवा तिच्यातून जाणारच नाही.

राहिला ड्रायर. पावसाळ्यात 30 अंश तापमान, 80 टक्के आर्द्रता धरा. घनमीटरमागे 24 ग्रॅम पाणी होतं. कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाला 24 घनमीटर हवा, म्हणजे जवळपास 580 ग्रॅम पाणी आत घेतो. हवा 7 बारला दाबून 40 अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यात जेमतेम 150 ग्रॅम मावतं. बाकीचं 430 ग्रॅम टाकीच्या तळाशी. ते ड्रेन कॉकनं रोज काढायचंच. पण हे 150 ग्रॅम पाइपमध्ये जातं, पुढे थंड होऊन थेंब बनतं आणि पॉलिशवर फोड उठतात.

रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा 3 अंशांपर्यंत थंड करतो, मग तासाला 18 ग्रॅमच उरतं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये पाइप 3 अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळे पुन्हा थेंब होत नाहीत. उणे 40 दवबिंदूचा डेसिकंट ड्रायर इथे विनाकारण खर्च, शिवाय तो स्वतःच्या सुकवणीसाठी थोडी हवाही खातो.

फक्त ड्रायरची क्षमता वाचताना अट वाचा. ती सहसा 35 अंशांच्या आत येणाऱ्या हवेसाठी दिलेली असते. मे महिन्यात पत्र्याखाली हीच हवा सहज 45 अंशांची असते आणि तिच्यात दीडपटीहून जास्त पाणी असतं. 400 लिटरचा ड्रायर तिथं हरतो, दुपारनंतर गनमधून पाणी यायला लागतं. म्हणून 700-800 लिटरचा घ्या, टाकीच्या पुढे बसवा, आणि कॉम्प्रेसर सावलीत, वारा खेळेल अशा भिंतीला लावा.