तापाच्या आधीचे तीन आठवडे

सोयाबीन निघालं, दसरा झाला की आपल्या वस्त्यांमध्ये तापाचे पेशंट वाढतात. या वेळी त्यातल्या एका तापाची गोष्ट सांगतो. आम्ही पाहिलेल्या प्रसंगांवरूनच ती रचली आहे, म्हणून कुणाचं नाव देत नाही.

सेलू तालुक्यातले, बोरच्या जंगलाच्या कडेला दोन एकर कोरडवाहू करणारे एक काका तापाच्या सातव्या दिवशी दवाखान्यात भरती झाले. गावात तीन दिवस 'टायफॉइड' म्हणून सलाईन आणि इंजेक्शन घेऊन झालं होतं. ताप हटला नव्हता. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं, प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या होत्या. मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्यांत काही निघालं नाही.

वॉर्डात पहिल्यांदाच पोस्टिंगला आलेल्या विद्यार्थ्याला माहिती घ्यायला सांगितली होती. त्यानं विचारलं, "काका, कुठे प्रवास केला होता का?"

"कुठीच नाही जी. घरीच होतो."

त्यानं कागदावर 'प्रवास: नाही' लिहिलं. काका खोटं बोलले नव्हते. आपल्याकडे प्रवास म्हणजे एसटीत बसून लांब जाणं. शेतात जाणं, बकऱ्यांसाठी गवत आणणं, याला कोण प्रवास म्हणतं?

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेलो होतो नं." विद्यार्थी खूश झाला. नागपूर, एवढी गर्दी, डासही असणार, म्हणजे डेंग्यूच! तपासणी चुकली असेल, असं त्यानं मॅडमना सांगितलं.

मॅडमनी एकच विचारलं, "ताप दसऱ्यानंतर किती दिवसांनी आला?" दोन दिवसांनी. डेंग्यूचा डास चावल्यावर ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. दोन दिवसांत तो येत नाही. म्हणजे दीक्षाभूमीचा इथे काही संबंध नव्हता. (गर्दीला आणि मेळ्याला दोष देऊन मोकळं व्हायची सवय डॉक्टरांनाही असते, हे आम्ही पाहिलं आहे.)

मग मॅडम खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. त्यांनी तारखा विचारल्या नाहीत. दसऱ्यापासून मागे मागे जात विचारलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात काय काम होतं? सोयाबीन सोंगणी. रोजानं की स्वतःच्या शेतात? दोन्ही. त्याच्या आधी? "धुऱ्यावरचं गवत कापलं, बकऱ्यांले." कधी? दसऱ्याच्या दहा दिवस आधी. दुपारी टेकले कुठे? तिथंच, गवतावर दुपट्टा टाकून झोपले.

दहा आणि दोन, बारा दिवस. विद्यार्थ्याला तेव्हा हिशेब लागला. स्क्रब टायफस हा ताप जंतू शिरल्यापासून सहा ते एकवीस दिवसांत येतो, बहुतेकदा दहा-बारा दिवसांत. नाव टायफॉइडसारखं असलं तरी हा आजार वेगळा आहे. गवतात, झुडपांत गोचिडीच्या जातीतला एक अगदी बारीक जीव असतो. त्याचं पिल्लू चावतं. चावल्याचं कळतही नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात याच तापाची मोठी साथ आली होती.

पडदा लावून काकांना पूर्ण तपासलं. पायजम्याच्या नाडीखाली, जांघेजवळ, विडीचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून काकांनी सांगितलाच नव्हता. विद्यार्थ्यानंही सकाळी फक्त छाती आणि पोट तपासलं होतं. काख, जांघ, कंबर, कानामागे आणि बायांच्या स्तनाखाली हा डाग शोधावा लागतो. सगळ्यांनाच तो असतो असं नाही. त्यामुळे डाग नाही म्हणून हा आजार नाही, असं म्हणता येत नाही.

रक्ताचा नमुना पाठवला, पण रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, शंभर मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. टायफॉइडला चालणारी बरीच इंजेक्शनं या जंतूवर चालत नाहीत, म्हणूनच आधीचे तीन दिवस वाया गेले होते. असेच आणखी दिवस गेले असते तर फुफ्फुस, किडनी, मेंदूवर बेतलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. गोळ्या मात्र सात दिवस पूर्ण घ्यायला लावल्या. गरोदर बाईला हे औषध सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं आहे. म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारी देऊ नका.

काकूंनी विचारलं, "मले बी होईन का यांच्यापासून?" काकांपासून नाही होत, हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. "पण गवत कापायला तुम्हीही होता ना?" विद्यार्थ्यानं विचारलं. होत्या. त्यानं नर्सताईंना बोलावून काकूंनाही पडद्याआड तपासायला सांगितलं. डाग नव्हता. गवत कापल्याला तोवर एकोणीस दिवस झाले होते. आणखी आठवडाभरात अंग तापलं तर लगेच या आणि आल्याबरोबर गवताचं सांगा, असं त्यानं त्यांना सांगितलं. मग कागदावरचं 'प्रवास: नाही' खोडून त्यानं लिहिलं: 'तापाच्या बारा दिवस आधी धुऱ्यावर गवत कापलं, गवतावर झोपले.'