रंगांच्या सीमेवरचा पीळ

स्वेटरच्या छातीवर एकच मोठा मोर किंवा एकच चौकोन वेगळ्या रंगात विणायचा असेल, तर फेअर आयलची रीत उपयोगी पडत नाही. त्या रीतीत न वापरलेला धागा मागून ओढत न्यावा लागतो. बारा टाक्यांइतका लांब धागा मागे मोकळा लोंबत राहिला, की लहान मुलाची बोटे त्यात अडकतात आणि वीणही आवळते. अशा वेळी वापरायची वीण म्हणजे इंटार्शिया. हे नाव इटालियन भाषेतल्या लाकडावरच्या जडावकामावरून आले आहे. रंगाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा धागा आणि स्वतःची छोटी रीळ असते. तो धागा आपल्या तुकड्याबाहेर जात नाही.

नेमकी अडचण इथेच उभी राहते. पांढरा धागा आपल्या हद्दीतून परत फिरला आणि लाल धागा आपल्या हद्दीतून परत फिरला, तर दोघांना जोडणारे काहीच राहत नाही. टाके खालीवर एकमेकांत गुंतलेले असतात, पण आडवा सांधा नसतो. परिणामी दोन रंगांच्या मध्ये उभी चीर पडते.

ही अडचण केवळ सुयांवरच्या विणकामाची नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला पैठणीचा पदर विणताना मी पाहिला. पदराच्या नक्षीत धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचे रेशीम छोट्या कांडीवर, म्हणजे तिल्लीवर, गुंडाळलेले असते, आणि विणकर ती आपल्या रंगापुरतीच फिरवतो. शेजारचा रंग आला, की दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मग परततो. किलीम सतरंजीत हा अडकाव न करता चीर तशीच ठेवण्याची रीत आहे, आणि ती चालूनही जाते, कारण खाली ताणा घट्ट असतो. आपल्या लोकरीच्या विणीला ताणा नाही. म्हणून पैठणीत जो अडकाव आहे तो इथे अधिकच आवश्यक ठरतो. फरक इतकाच, की आपण तो धाग्याला पीळ देऊन साधतो.

आता एक लहान नमुना प्रत्यक्ष विणू. सुईवर पांढऱ्या लोकरीचे 36 टाके घाला आणि चार ओळी साध्या विणा, म्हणजे एक ओळ सुलट, एक उलट. मधल्या 12 टाक्यांवर 16 ओळींचा लाल चौकोन करायचा आहे. रंग दोनच आहेत, पण धागे तीन लागतील : उजवा पांढरा, मधला लाल आणि डावा पांढरा. नियम हा, की धाग्यांची संख्या रंगांवरून नव्हे, तर एका ओळीतल्या तुकड्यांवरून मोजायची. उजव्या पांढऱ्यासाठी मूळ गुंडाच चालेल, म्हणून रिळा दोनच कराव्या लागतील.

रिळीवर किती लोकर घ्यावी ? बारा टाके विणून ते उसवा आणि धागा मोजा. माझ्या हाताने तो सुमारे 20 सेंटीमीटर भरतो. सोळा ओळींना 320 सेंटीमीटर, आणि दोन्ही टोकांना शेपट्यांसाठी पंधरा-पंधरा सेंटीमीटर. म्हणजे साडेतीन मीटर पुरेत. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याला खाच पाडली, की रीळ तयार. धागा खाचेतून काढून रीळ विणीखाली दहा सेंटीमीटरवरच लोंबू द्यावी, कारण लांब धागेच गुंततात.

सुलट ओळीत उजवे 12 टाके पांढऱ्याने विणा, मग लाल सुरू करून त्याची शेपटी मागे सोडा. लाल 12 झाले, की दुसरी पांढरी रीळ घेऊन उरलेले 12 विणा. या पहिल्या ओळीत सीमेवरचे टाके सैलच दिसतील. शेवटी शेपटी ओवताना ते आवळता येतात.

खरा पीळ दुसऱ्या, म्हणजे उलट ओळीपासून सुरू होतो. ज्या धाग्याने ओळ संपली त्यानेच पुढची सुरू होते. सीमेवर आल्यावर नुकताच विणलेला धागा डावीकडे आडवा ठेवा. नवा धागा त्याच्या खालून वर घ्या आणि पुढचा टाका विणा. यामुळे नवा धागा जुन्याला वेढा घालतो, आणि दोघे एकमेकांना धरून राहतात. उलट ओळीत हे धागे आपल्यासमोर असतात, सुलट ओळीत विणीच्या मागे असतात. पण कृती तीच, आणि पीळ नेहमी मागच्या बाजूलाच पडतो. वरून घेतलेला धागा वेढा घालत नाही, म्हणून ‘जुना डावीकडे, नवा खालून’ एवढे प्रत्येक सीमेवर मनाशी म्हणावे.

नव्या रंगाचा पहिला टाका विणल्यावर धागा हलकेच ओढावा. फार ओढला तर सीमेवर चुणी पडते, सैल सोडला तर टाका मोठा दिसतो. पीळ बरोबर पडला की नाही हे मागच्या बाजूवरून कळते : सीमेवर साखळीसारखी नीट रेघ दिसते. खिडकीसमोर धरल्यावर त्या रेघेत उजेडाची फट दिसली, तर तेवढ्या ओळीत पीळ राहिलेला आहे. तो चौकोन पुरा होण्याआधी उसवून दुरुस्त करावा, कारण पुढे वर्षभर धुण्यात ती फट वाढत जाते.

ओळ संपल्यावर काम एकदा एका दिशेने फिरवले, तर पुढच्या वेळी उलट दिशेने फिरवावे. मग एका फेरीत पडलेला गुंता दुसऱ्या फेरीत आपोआप सुटतो. सोळा ओळी झाल्या, की उजव्या पांढऱ्या गुंड्याने सगळे 36 टाके विणायचे. लाल आणि डावा पांढरा कापून त्यांची टोके मागे आपापल्या रंगाच्या भागात ओवायची.

सरळ उभी रेघ सर्वांत कठीण असते, कारण तिथे प्रत्येक ओळीत चीर एकाच जागी येते. तिरकी रेघ सोपी. प्रत्येक ओळीत सीमा एका टाक्याने सरकते, त्यामुळे एका रंगाचा टाका दुसऱ्या रंगाच्या टाक्यावर बसतो आणि चीर लांब होत नाही. हिऱ्याच्या आकाराची अर्गाईल नक्षी तिरकीच असते, हा तिचा फायदाच. तरीही नवख्याने पीळ प्रत्येक ओळीत द्यावा.

या विणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. गोल सुयांवर, न उलटता विणताना इंटार्शिया जमत नाही. फेरी पूर्ण करून आपण चौकोनाच्या सुरुवातीला येतो, पण लाल धागा मागच्या फेरीत त्याच्या दुसऱ्या टोकालाच राहिलेला असतो. म्हणून हाताने विणायचे अर्गाईल मोजे सपाट विणून मागे शिवतात, आणि स्वेटरचा पुढचा भागही वेगळाच विणावा लागतो.

येवल्याच्या मागावर रेशमाचे धागे एकमेकांना अडकतात, आणि आपल्या सुयांवर लोकर लोकरीला वेढा घालते. चौकोन एवढा विणून पाहिला, की पुढचे फूल किंवा मोर म्हणजे अशाच सीमांची वाढलेली संख्या. वेढा मात्र एकच राहतो.