फोनला दिसते, लॅपटॉपला नाही

प्रश्न : अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपला शेजाऱ्यांचे वाय-फाय दिसते, घरचे दिसत नाही. लॅपटॉप बिघडला आहे का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : बहुधा नाही. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल, म्हणजे लहरींचे ठरावीक मार्ग, वापरता येतात. परंतु अमेरिकेत विकलेली बरीच उपकरणे ११ पर्यंतच शोधतात, त्यामुळे ‘ऑटो’वरील राउटरने गजबजलेल्या सोसायटीत १२ किंवा १३ निवडल्यास त्यांना ते नेटवर्क दिसतच नाही. राउटरच्या पानावर, जे बहुधा 192.168.1.1 या पत्त्यावर उघडते, सध्याचा चॅनेल १२ किंवा १३ आढळल्यास निदान पक्के समजावे. ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ निवडावा. राउटरच्या सेटिंगमधील देश मात्र बदलू नये.