कंपनी वीस कोटींना गेली, मग एक टक्क्याचे वीस लाख का नाहीत?

प्रश्न : माझ्या पुतण्याकडे पुण्यातल्या एका स्टार्टअपचे एक टक्का शेअर होते. कंपनी वीस कोटींना विकली गेली. आम्ही वीस लाख धरून बसलो होतो, हातात आले साडेबारा. ज्या गुंतवणूकदाराचा हिस्सा वीस टक्के, तो मात्र दहा कोटी घेऊन गेला. आमच्या छत्रपती कारखान्यात लहान-मोठ्या सभासदाच्या शेअरमध्ये असा भेद नसतो. ही फसवणूक तर नाही ना?
— एक वाचक, भवानीनगर (ता. इंदापूर)

उत्तर : तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी ही फसवणूक वाटत नाही. कारखान्याच्या सभासदत्वाचा हिशेब मात्र इथे लागू पडत नाही. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. खासगी कंपनीत शेअरचे वेगवेगळे वर्ग करता येतात आणि प्रत्येक वर्गाचे हक्क करारात लिहिले जातात.

पुतण्याचे शेअर साधे, म्हणजे इक्विटी. गुंतवणूकदार बहुधा सीसीपीएस घेतात. हे प्राधान्य शेअर असतात आणि ठरलेल्या मुदतीत त्यांचे साध्या शेअरमध्ये रूपांतर करावेच लागते. परदेशी पैसा असेल तर हाच प्रकार सोयीचा, कारण सक्तीने रूपांतरित न होणारे प्राधान्य शेअर परकीय चलनाच्या नियमांत कर्जासारखे धरले जातात. या शेअरसोबत 'लिक्विडेशन प्रेफरन्स' नावाचे कलम येते. कंपनी विकली की आधी आमची मुद्दल, उरेल ते बाकीच्यांचे, असा त्याचा अर्थ. नाव दिवाळखोरीचे वाटले तरी करारात कंपनीची विक्रीही त्यात धरलेली असते.

तुमच्या आकड्यांवरून दिसते की त्याने दहा कोटी घालून वीस टक्के घेतले असावेत, म्हणजे तेव्हा कंपनीची किंमत पन्नास कोटी धरली गेली. विक्रीच्या दिवशी त्याच्यापुढे दोन वाटा असतात : मुद्दल दहा कोटी उचलायची, किंवा शेअर साधे करून वीस टक्के घ्यायचे. जे जास्त ते तो घेणार. वीस कोटींचे वीस टक्के चारच कोटी, म्हणून त्याने दहा घेतले. उरलेले दहा कोटी इतर ऐंशी टक्क्यांत वाटले गेले. त्या ऐंशीतला पुतण्याचा एक, म्हणून साडेबारा लाख.

हीच कंपनी आठ कोटींना गेली असती तर सगळे आठ गुंतवणूकदाराचे आणि पुतण्याला शून्य. पन्नास कोटींना दोन्ही वाटा सारख्याच, दहा कोटींच्या. शंभर कोटींना तो शेअर साधे करून वीस कोटी घेईल आणि पुतण्याला पूर्ण एक कोटी मिळेल. (बँकेचे कर्ज, थकलेले पगार, सरकारी देणी विक्रीच्या रकमेतून आधीच वजा झाली, असे इथे धरले आहे.)

गंमत दहा ते पन्नास कोटींच्या पट्ट्यात आहे. तिथे गुंतवणूकदाराला किंमत कितीही आली तरी दहाच कोटी. पंधरा कोटींचा ग्राहक दारात असेल तर त्याला घाई, कारण थांबण्यात धोका आहे आणि फायदा नाही. संस्थापकाला मात्र वाढणारा प्रत्येक रुपया हवा असतो. संचालक मंडळातली भांडणे पुष्कळदा इथेच पेटतात.

अमेरिकेतली ट्राडोस ही भाषांतराचे सॉफ्टवेअर करणारी कंपनी 2005 मध्ये सहा कोटी डॉलरना विकली गेली. प्राधान्यवाल्यांचा हक्क होता सुमारे 5.79 कोटींचा. विक्री पार पाडण्यासाठी व्यवस्थापनाला 78 लाख बाजूला काढले, प्राधान्यवाल्यांनी उरलेले 5.22 कोटी घेतले आणि साध्या शेअरधारकांना एक डॉलरही मिळाला नाही. त्यांतला एक कोर्टात गेला. 2013 मध्ये डेलावेअरच्या कोर्टाने विक्रीची पद्धत फारशी वाखाणली नाही, पण साध्या शेअरना तेव्हा किंमतच उरली नव्हती, म्हणून व्यवहार न्याय्य ठरवला.

तुमच्या प्रकरणातला करार त्यामानाने सौम्य दिसतो. 'पार्टिसिपेटिंग' कलम असते तर गुंतवणूकदाराने दहा कोटी घेऊन वर उरलेल्या दहांतलेही वीस टक्के उचलले असते. म्हणजे एकूण बारा कोटी, आणि पुतण्याला दहा लाख. 'दुप्पट' प्राधान्य असते तर वीसही कोटी त्याचेच.

तरी खात्री करायची असेल तर पुतण्याला कंपनीचे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन वाचायला सांगा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फी भरून ते बघता येतात आणि प्राधान्याचे कलम बहुधा त्यात उतरवलेले असते. तीन गोष्टी शोधायच्या : प्राधान्य मुद्दलीच्या किती पट, ते पार्टिसिपेटिंग आहे का, आणि एकापेक्षा जास्त फेऱ्या झाल्या असतील तर आधी कोणाचे पैसे निघतात. नंतर आलेला गुंतवणूकदार पुष्कळदा रांगेत पुढे उभा असतो. कलमात पार्टिसिपेटिंग नसलेले एकपट प्राधान्य निघाले, तर साडेबारा लाखांचा हिशेब बरोबर आहे.