सरांची ओळख करून देताना

सोने, कोजागरीच्या कार्यक्रमाला तुझेच शाळेतले इतिहासाचे सर बोलणार आणि त्यांची ओळख तू करून देणार, हे कळलं. आपल्या अंबरपेठेत निम्मं सभागृह त्यांच्याच हाताखालून गेलेलं असणार, तेव्हा आत्याचं थोडं ऐक.

१. आठवडाभर आधी फोन कर आणि पहिल्याच वाक्यात माहेरच्या नावासकट नाव, दहावीचं वर्ष, बसायचा बाक सगळं सांगून टाक. "ओळखलंत का सर?" विचारू नकोस – हजारो मुलं शिकवलेल्या माणसाची म्हातारपणी परीक्षा घेऊ नये.

२. त्याच फोनवर व्याख्यानाचं नाव त्यांच्याच शब्दांत लिहून घे, आणि कोणती आठवण सांगणार आहेस तेही त्यांच्या कानावर घाल. तुला गमतीची वाटणारी गोष्ट त्यांना आजही खुपत असू शकते – तो तास कसा गेला, हे फळ्याकडून वेगळं दिसतं.

३. वेळेचं बोलणंही तेव्हाच उरकून घे, कारण सगळ्यात अवघड काम तेच. "सर, पस्तीस मिनिटं झाली की मी पहिल्या रांगेत उभी राहीन, म्हणजे पाच उरली," एवढं ठरलं की झालं – ज्यांनी आयुष्यभर घंटा ऐकली त्यांना घंटेचा राग नसतो, भर सभेत हातात आलेल्या चिठ्ठीचा असतो.

४. ओळख दोन मिनिटांची, म्हणजे सावकाश वाचून दोनेकशे शब्दांची. पदव्या आणि पुरस्कारांतले विषयाला लागतील तेवढेच घे – ओळख फुगली की व्याख्यान आंबतं.

५. क्रम असा ठेव: आधी विषय, मग त्यावर सरच का, मग तुझं नातं एका वाक्यात, आणि पूर्ण नाव अगदी शेवटी – टाळ्या नावावर पडतात, नाव आधी घेतलंस तर पुढचं सगळं टाळ्यांत वाहून जातं.

आता हे नुसतं सांगून कळायचं नाही. सरांचा विषय 'निजामाच्या राज्यातली मराठी शाळा' आहे ना? मग असं काहीसं म्हण:

"१९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी सुरू झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिकवायची भाषा उर्दू. घरात मराठी, दरबारात उर्दू, बाजारात तेलुगू, अशा शहरात मराठी शाळा चालवणं म्हणजे नेमकं काय होतं, ते आज ऐकायचंय. आजचे वक्ते इतिहास शिकवताना आधी विचारायचे, 'ही जागा आज कुठे आहे? तिथं कुठली बस जाते?' त्या बसचा नंबर न आल्यामुळे उभी राहिलेली एक मुलगी आजही उभीच आहे, फक्त माईकपुढे."

आणि लगेच नाव. बघ, शिक्षा झालेली तू, हसू तुझ्यावर, आणि सरांची शिकवायची रीत मात्र सगळ्यांना कळली. आठवण निवडायची ती अशी. टोपणनाव, छडी, कुणाचे किती मार्क, हे माईकवर नक्कोच बाई. टोपणनाव तर सरांनाही ठाऊक असतं, पण ठाऊक असणं वेगळं नि सुनांसमोर ऐकणं वेगळं.

६. "मी काय सरांची ओळख करून देणार, सूर्याला काजवा" वगैरे पाल्हाळ नको – त्यात चार वाक्यं तुझ्यावरच खर्च होतात. पूर्ण नाव एकदा, बाकी नुसतं 'सर'.

७. नमस्कार त्यांना घ्यायला जाशील तेव्हा घरीच वाकून कर, स्टेजवर हात जोड. तिथं वाकलीस की सर उठायला बघतात, गुडघे कुरकुरतात, आणि मागून आणखी दहा विद्यार्थी रांग लावतात. आणि हो, घ्यायला दारापर्यंत जा, सहा नंबरच्या स्टॉपवर उभं राहायला सांगू नकोस.

८. आपल्याकडे तेलुगू जावई नि सुना असतातच. विषय एका वाक्यात तेलुगूतही सांग – म्हणजे तेही बिचारे निदान कशावर हसायचं ते धरून बसतात.

९. सर तुझं साल किंवा उच्चार स्टेजवर दुरुस्त करतील, करतीलच. "हो सर" म्हण, नीट शब्द पुन्हा उच्चार आणि पुढे चल – खुलासा देत बसलीस तर सभेचा वर्ग होतो.

१०. शाल मंडळाच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून, आणि मानधनाचं पाकीट चिटणिसांकडून. तुझ्या हातून पैसे घ्यायला सर तयार होणार नाहीत, आणि ती ओढाताण दूध आटेपर्यंत चालेल.